“वाकू नका” म्हणू नका : घरी ऐकून करता येईल असा व्यायाम कसा सांगायचा



मागच्या पावसाळ्यात, ऐन निंदणीच्या दिवसांत, गटाच्या बैठकीला गेलं की एकच तक्रार कानावर यायची. दिवसभर वाकून निंदायचं आणि संध्याकाळी चुलीपुढून उठायचं म्हटलं की गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय उठताच येत नाही. म्हणून मी एक व्हिडिओ केला. खुर्चीवरून उठायचं आणि परत बसायचं, एवढाच व्यायाम. ऑफिसात दुपारी दार लावून घेतलं, मोबाईल टेबलावर उभा केला, पाच वेळा उठले, पाच वेळा बसले आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सगळ्या गटांना पाठवून दिला. खूप अंगठे आले. मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एका सीआरपी ताईंचा फोन आला. त्यांच्या गटातल्या एक ताई व्यायाम करताना पडल्या होत्या. घरात प्लास्टिकची खुर्ची, नुकतीच पुसलेली फरशी. बसायला गेल्या आणि खुर्ची मागे सरकली. थेट जमिनीवर आपटल्या. हाड मोडलं नव्हतं, पण माकडहाडाला असा मार बसला की तीन आठवडे त्यांना नीट बसता आलं नाही. तीन आठवड्यांची मजुरी गेली, तीही ऐन हंगामातली.

मी त्यांना भेटायला गेले. विचारलं, “ताई, व्हिडिओत माझी खुर्ची भिंतीला टेकलेली होती, ते दिसलं नाही का?” त्या म्हणाल्या, “अगं, बघत कुठं होते मी? मोबाईल फडताळात ठेवला होता. मी ऐकत होते.”

घरी येऊन मी माझाच व्हिडिओ लावला, मोबाईल उपडा ठेवला आणि नुसता ऐकला. सुरुवातीला मी म्हणत होते, “चला, खुर्चीवर बसा.” भिंतीचा उल्लेख कुठेच नव्हता. माझी खुर्ची भिंतीला टेकलेली होती, कारण ऑफिसात दुसरीकडे जागाच नव्हती. ते माझ्याही लक्षात आलेलं नव्हतं, मग सांगणार कुठून?

येत्या महिन्यापासून प्रत्येक गटातली एक जण बैठकीत हा व्यायाम करून दाखवणार आहे आणि ज्यांना जमेल त्या आपल्या गावासाठी व्हिडिओही करणार आहेत. म्हणून या वेळचा पाठ व्यायामाचा कमी आणि व्यायाम सांगण्याचा जास्त आहे. व्यायाम एकच घेतला आहे, तोच उठ-बसचा. तो सांगताना कुठला शब्द कुठे टाकायचा, ते आपण नीट बघू.

आधी एक प्रश्न उरकून टाकते, कारण तो प्रत्येक गावात येतो. “आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?” शेतातलं काम ही शरीराची हालचालच आहे, त्यात शंका नाही. पण निंदणीत आणि वेचणीत आपण तासन् तास एकाच आकारात वाकलेल्या असतो. मांडीच्या आणि नितंबांच्या स्नायूंना पूर्ण वाकून पूर्ण सरळ होण्याचं काम त्या वेळात फार कमी पडतं, आणि जमिनीवरून उठायला लागतात ते नेमके हेच स्नायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्येही चालण्या-फिरण्यासारख्या हालचालीसोबत, स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करा, असं मोठ्या माणसांसाठी वेगळं सांगितलेलं आहे. उठ-बस हा तसा व्यायाम आहे. त्याने सगळी कंबरदुखी जाईल असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही बैठकीत तसं म्हणू नका.

आता सांगण्याकडे येऊ.

पहिली गोष्ट, तयारी आधी सांगायची आणि ती पूर्ण होईपर्यंत थांबायचं. आपल्याला हालचाल सांगायची घाई असते. पण घरात ऐकणारीला खुर्ची उचलून भिंतीपर्यंत न्यायला वेळ लागतो. खुर्चीचा जागा ठरलेला नसतो, आडवं पोर असतं, कपड्यांचा ढीग असतो. तुम्ही “भिंतीला टेकवा” म्हणून लगेच “आता बसा” म्हणालात, तर ती मधली पायरी गाळते. म्हणून प्रत्येक तयारीच्या वाक्यानंतर मनात पाच मोजा. व्हिडिओत ही शांतता लांबलचक वाटते, पण घरी ती तशी वाटत नाही.

आणि तयारीत नुसतं “टेकवा” म्हणणंही पुरत नाही. खुर्ची टेकली की नाही, हे तिला स्वतःला कळायला हवं. म्हणून पुढचं वाक्य असं : “हाताने मागे ढकलून बघा.” हलली तर तिला कळेल. तुम्ही तिच्या घरात नाही, तेव्हा तपासायचं काम तिच्याच हाताला द्यायचं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती आपल्या भाषेची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि “नका” तर त्याच्याही नंतर. मी म्हणते, “पुढे वाकू नका.” ऐकणारीच्या कानावर आधी काय पडतं? “पुढे वाकू.” शरीर तेवढ्यावर निघालेलं असतं. “नका” येईपर्यंत ती वाकलेली असते! बैठकीत आम्ही हे करून पाहिलं. बारा जणी उभ्या होत्या. मी जरा सावकाश म्हटलं, “गुडघे आत... जाऊ देऊ... नका.” चार जणींचे गुडघे आधी आत गेले आणि मग बाहेर आले. सगळ्या हसल्या, पण एखादीचा गुडघा दुखरा असता तर?

म्हणून स्क्रिप्ट लिहून झाली की तिच्यातले सगळे “नका” शोधा आणि त्यांच्यावर काट मारा. जे करायचं नाही त्याऐवजी जे करायचं ते लिहा. “गुडघे आत जाऊ देऊ नका” याच्या जागी “गुडघे बोटांकडे”. “धपकन बसू नका” याच्या जागी “आवाज न करता बसा”. “श्वास रोखू नका” याच्या जागी “मोठ्याने मोजा”. आणि धोक्याची सूचना असेल, तर हुकूम आधी आणि कारण नंतर : “थांबा. बसा. चक्कर येते का?” नेहमीच्या बोलण्यात आपण “चक्कर आली तर थांबा” असं म्हणतो. ते चूक नाही, पण मधेच कोणी डगमगलेली दिसली तर तोंडातून पहिला शब्द “थांबा” हाच निघाला पाहिजे.

तिसरी गोष्ट, स्नायूंची नावं घेऊ नका. (हे मी तुम्हाला लिहून सांगते आहे, म्हणून “नका” चालेल.) माझ्या पहिल्या व्हिडिओत मी म्हटलं होतं, “मांडीच्या पुढच्या स्नायूवर जोर द्या.” एका आजींनी मला विचारलं, “बाई, तो कुठला?” प्रश्न बरोबर होता. त्यापेक्षा “पायाने जमीन ढकला” म्हटलं की तोच स्नायू आपोआप काम करतो. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1998 साली हे तपासलं होतं. डावी-उजवीकडे सरकणाऱ्या एका फळीवर उभं राहून ती हलवायला लोकांना शिकवलं. काहींना सांगितलं, पायाच्या जोराकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, फळीखालच्या चाकांवर पडणाऱ्या जोराकडे लक्ष द्या. चाकांकडे लक्ष दिलेले लोक ते जास्त चांगलं शिकले. म्हणजे शरीराच्या आतली गोष्ट सांगण्यापेक्षा जमीन, खुर्ची, भिंत अशी बाहेरची वस्तू सांगितली, तर हालचाल सोपी जाते. आपण नव्या सुनेला भाकरी थापायला शिकवताना “मनगटाचा स्नायू” म्हणतो का? “परातीत फिरव” म्हणतो.

आणि एका उठ-बशीला एकच सूचना. एक उठ-बस साधारण आठ सेकंदांत होते. तेवढ्यात “नाक पुढे, गुडघे बाहेर, पाठ सरळ, श्वास सोडा, हळू बसा” असं सगळं सांगितलं तर ऐकणारी गोंधळते आणि शेवटचं तेवढं धरते. चार-पाच शब्दांच्या वर सूचना गेली की ती कापा.

आता पूर्ण स्क्रिप्ट देते. तालुक्याच्या गावातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडून मी ती तपासून घेतली आहे. जशी आहे तशी वाचलीत तरी चालेल, तुमच्या गावच्या बोलीत वळवलीत तर आणखी चांगलं. कंसातलं वाचायचं नाही, ते तुमच्यासाठी आहे.

तयारी

“नमस्कार. आज फक्त उठ-बस.
खुर्ची भिंतीला टेकवा. (पाच मोजा.)
हाताने मागे ढकलून बघा. हलली तर जागा बदला. (पाच मोजा.)
फरशीवर हात फिरवा. कोरडी आहे?
चप्पल काढा. मोजे काढा.
पदर खोचा. साडी घोट्याच्या वर घ्या. (पाच मोजा.)
मधे कधीही बसा. चक्कर, छातीत दुखणं, गुडघ्यात कळ, यातलं काही झालं तर व्यायाम संपला.”

पहिली उठ-बस, तुकड्या-तुकड्याने

“बसा. अर्ध्या खुर्चीपर्यंत पुढे या.
दोन पायांत एक वीत अंतर.
टाचा मागे घ्या. गुडघ्याखाली.
हात मांडीवर.
नाक पुढे आणा. पायाच्या बोटांवर.
जमीन ढकला. उठा.
सरळ उभ्या. एक श्वास. (थांबा.)
पायामागे खुर्ची लागते का? लागली पाहिजे.
कंबर मागे. हळू बसा. तीन... दोन... एक.
आवाज आला का?”

आता पाच वेळा

“माझ्याबरोबर मोठ्याने मोजा. उठताना आकडा म्हणा.
एक! उभ्या. हळू बसा, तीन... दोन... एक.
नाक बोटांवर. दोन! उभ्या. बसा, तीन... दोन... एक.
गुडघे बोटांकडे. तीन! उभ्या. बसा, तीन... दोन... एक.
आवाज न करता. चार! उभ्या. बसा, तीन... दोन... एक.
पाच! उभ्या. बसा, तीन... दोन... एक.”

आराम

“मागे टेका. एक मिनिट.
बोलून बघा. आज काय भाजी केली, सांगा. (थांबा.)
एक वाक्य सलग बोलता आलं? मग पुन्हा पाच.
दम लागला? आज एवढंच.”

(दुसऱ्या फेरीत फक्त आकडे. सूचना एखादीच.)

शेवट

“बसूनच राहा. पाच श्वास.
आता सावकाश उठा. खुर्ची धरून.
उद्या सुट्टी. परवा पुन्हा.”

सगळी मिळून साडेतीन ते चार मिनिटं होतात. आठवड्यातून तीन दिवस पुरे. दोन आठवडे पाच-पाच सहज जमले की सहा-सहा करा, एकदम दहावर जाऊ नका.

आता यातली काही वाक्यं तिथे का आहेत ते सांगते, म्हणजे बदल करताना ती गळणार नाहीत.

“टाचा मागे घ्या” हे गाळलं की उठताच येत नाही. करून बघा. पाय पुढे पसरून खुर्चीवर बसा आणि उठायचा प्रयत्न करा. शरीराचं वजन मागे खुर्चीवर आणि आधार पुढे पायांवर, मग उठणार कशाच्या जोरावर? झोका घ्यावा लागतो. झोका घेऊन उठलेली बाई उभी राहिल्यावर पुढे तोल जाऊन पडू शकते. “नाक बोटांवर” याचंही कारण हेच, वजन आधी पायांवर यायला हवं. बऱ्याच जणींना कोणीतरी “पाठ ताठ ठेवा” असं सांगितलेलं असतं, म्हणून त्या लाकडासारख्या ताठ बसून उठायला बघतात आणि मग सगळा जोर गुडघ्यावर येतो. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकणं वेगळं आणि पाठ गोल करून वाकणं वेगळं. पण हे सगळं व्यायाम चालू असताना समजावायचं नसतं. नाक बोटांवर आणायला सांगितलं की बहुतेक जणी बरोबर झुकतात.

“पायामागे खुर्ची लागते का?” हे वाक्य मी त्या पडलेल्या ताईंमुळे घातलं. उभं राहिल्यावर आपण नकळत एक पाऊल पुढे जातो आणि मग बसताना खुर्चीची कड तेवढी मिळते. पोटरीला खुर्चीचा स्पर्श झाला की ती कुठे आहे ते मागे न बघता कळतं.

“आवाज आला का?” हे माझं आवडतं वाक्य आहे. घरी तिला दुरुस्त करायला कोणी नाही, आरसा नाही. पण खुर्चीचा धप्प आवाज तिला ऐकू येतो. आवाज आला म्हणजे शेवटच्या वीतभर अंतरात ती बसली नाही, पडली. तिथेच मांडीची ताकद लागते आणि तिथेच आपण सोडून देतो. हळू बसण्यातही व्यायाम आहे, म्हणून तीन आकडे बसण्याला दिले आहेत. व्हिडिओ करताना तीन-दोन-एक घाईत उरकलं जातं, हे माझ्याकडून दहा वेळा झालं आहे.

मोठ्याने मोजायचं कारण श्वास. जोर लावताना आपण श्वास कोंडून धरतो, हंडा उचलताना धरतो तसा. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब तेवढ्यापुरता वर जातो, आणि पोटातला दाब खालच्या अंगावर येतो. “श्वास सोडा” म्हटलं की कोणी आधी घेते, कोणी मधेच सोडते, गोंधळ होतो. पण तोंडाने “तीन!” म्हणायचं तर श्वास बाहेर सोडावाच लागतो. व्हिडिओसमोर एकटीने मोजायला लाज वाटते हे खरं आहे. हळू म्हणा, पण म्हणा.

आणि डावा-उजवा यात कुठेच नाही, हे लक्षात आलं का? मुद्दाम. समोर उभी असलेली उजवा हात उचलते, बघणारी आरशासारखा डावा उचलते आणि कानावर “उजवा” पडतं. पहिल्या व्हिडिओसाठी दोन्ही पाय सारखं काम करतील असाच व्यायाम निवडा.

आता कोणी करायचं नाही, किंवा डॉक्टरांना विचारूनच करायचं, ते. गरोदर बाई, बाळंतीण, सिझर झालेली, नुकतंच पिशवीचं ऑपरेशन झालेली. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली. हा त्रास बायका बैठकीत सांगत नाहीत, म्हणून बैठकीत हात वर करायला लावू नका, आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारा. गुडघा सुजून गरम झालेला असेल, कंबरेतून कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर व्यायाम सांगायचं काम आपलं नाही. बीपीची गोळी चालू असेल किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तरी आधी विचारायचं. रक्त कमी असलेल्या मैत्रिणींनाही उठताना चक्कर येते, त्यांना आधी उपकेंद्रात एचबी तपासायला पाठवा. छातीत दुखून घाम फुटला किंवा दम थांबेना, तर बसवून 108 ला फोन करायचा. बैठकीत प्रात्यक्षिक करणारीच्या हाताशी चालू मोबाईल असलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर घाबरायचं कारण नाही, नवीन कामाने अंग दुखतं तसंच ते आहे, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर व्यायाम जास्त झाला. उठ-बस तीनवर आणा किंवा बैठक उंच करा.

बैठक उंच कशी करायची, यावरही आमचा घोळ झाला होता. मी म्हटलं, “उशी ठेवा.” उशी दबते आणि सरकते. त्यापेक्षा जाड गोधडी चौपदरी घडी करून खुर्चीला दोरीने बांधा. बैठक जेवढी उंच तेवढं उठणं सोपं. साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर नीट जमायला लागलं की एक-एक पदर कमी करा. हाताने मांडी दाबल्याशिवाय उठता येत नसेल तर दाबा, त्यात कमीपणा नाही. सहज जमायला लागलं की हात छातीवर घ्या.

स्क्रिप्ट तयार झाली की व्हिडिओ करायच्या आधी एक परीक्षा घ्या. तिघी जणी लागतात. एक स्क्रिप्ट वाचते. दुसरी तिच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसते आणि फक्त ऐकून करते. तिसरी जवळ उभी राहून सांभाळते, काही बोलत नाही, फक्त जिथे करणारी अडखळली किंवा “म्हणजे?” म्हणाली त्या ओळीवर खूण करते. करणारी शक्यतो अशी निवडा, जिने हा व्यायाम कधी बघितलेला नाही. माझ्या दुसऱ्या स्क्रिप्टवर सात खुणा झाल्या होत्या. त्यातली एक “पाय खांद्याएवढे फाका” या ओळीवर होती. पंचवीस बायकांसमोर ते वाक्य ऐकून काय झालं असेल ते तुम्ही समजून घ्या. तेव्हापासून “दोन पायांत एक वीत अंतर” आहे.

व्हिडिओचं थोडक्यात. मोबाईल आडवा, कंबरेच्या उंचीवर, डब्यावर डबा ठेवून. तुम्ही मोबाईलकडे अर्ध्या वळलेल्या बसा, म्हणजे टाचा, गुडघे आणि नाक तिन्ही दिसतील. समोरून घेतलं की टाचा मागे आहेत की नाही ते कळतच नाही. उजेड तुमच्या समोरून यावा. पंखा आणि मिक्सर बंद. साडीचा रंग भिंतीपेक्षा वेगळा. आणि व्हिडिओ गटावर टाकताना खाली लिहून टाका : “आधी एकदा बसून पूर्ण बघा. मग करा.”

त्या पडलेल्या ताई आता आमच्या परीक्षेतली तिसरी बाई असतात. खुणा करायला त्यांच्यासारखी दुसरी नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी नवी खूण केली आहे, “खुर्ची” या शब्दावरच. त्यांच्या शेजारणीकडे खुर्ची नाही, तिने बाजेवर बसून व्यायाम केला. बाजेची सुंभ मधे खाली गेलेली, बसलं की माणूस आत जातो आणि उठताना कड मांडीला रुतते. म्हणून पहिली ओळ बदलते आहे, तुमच्या कागदावरही बदलून घ्या : “खुर्ची नसेल तर घराचा ओटा घ्या, गुडघ्याएवढा.”